चौकटी, रेघा आणि बावीस वाक्यं

जुन्या संगणकप्रणालीच्या माहितीपुस्तिकेत एक वाक्य हमखास सापडतं : ‘तक्त्यांचे परस्परसंबंध वरील आकृतीत दाखवले आहेत.’ आणि वर आकृती नसते. असते ती रिकामी जागा, किंवा झेरॉक्सची झेरॉक्स होऊन चौकटींतली अक्षरं गिळून बसलेला एक करडा डाग. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढली होती ते आता कुणाच्याच संगणकावर नाही, जिने काढली ती नोकरी सोडून गेली. प्रणाली मात्र रोज चालू आहे. बिलं निघताहेत, नोंदी चढताहेत, आणि एखादा नवा माणूस रुजू झाला की त्याला काय कशाला जोडलेलं आहे हे सांगायला कागदावर काहीच नाही.

अशा वेळी पहिली ऊर्मी होते ती आकृती पुन्हा काढायची. त्याआधी एक पायरी घ्यावी, आणि बऱ्याचदा तेवढीच पुरते : चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा शब्दांत लिहून काढायच्या. कुठल्या चौकटी आहेत याची एक यादी, आणि प्रत्येक रेघेसाठी एक-दोन वाक्यं. हे काम दिसतं कारकुनी, पण ते करताना असे प्रश्न पुढे येतात जे आकृतीने सहज झाकून ठेवले होते.

या आकृत्यांचा उगम बराच जुना आहे. 1976 साली पीटर चेन यांचा एक निबंध ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन डेटाबेस सिस्टिम्स’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात छापून आला. ज्या वस्तूंची नोंद ठेवायची त्या चेन यांनी आयतांत दाखवल्या आणि त्यांच्यातले संबंध शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत. त्या शंकरपाळ्यात संबंधाचं नाव लिहिलेलं असे. पुढे जी पद्धत जास्त रुळली तिच्यात शंकरपाळं गेलं आणि नुसती रेघ उरली. एका वस्तूला समोरच्या अनेक वस्तू जोडलेल्या असतील, तर रेघेच्या त्या टोकाला तीन बोटं फुटलेली दिसतात. या खुणेला ‘कावळ्याचा पाय’ म्हणतात. कागदावर जागा वाचली, पण संबंधाला नाव देण्याची सक्ती संपली. वाक्य लिहायला घेतलं की ती सक्ती परत येते, कारण क्रियापदाशिवाय वाक्य पुढेच सरकत नाही.

ही पद्धत बघायला ‘सकीला’ हे उत्तम उदाहरण आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसबरोबर शिकण्या-शिकवण्यासाठी दिला जाणारा हा नमुना. दोन शाखांच्या, डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका काल्पनिक दुकानाचा सगळा हिशोब त्यात आहे. ज्यांनी गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत अनामत भरून कॅसेटी किंवा सीडी आणल्या आहेत, त्यांना हा धंदा वेगळा समजावून सांगायला नको. सकीलाची आकृती हरवलेली नाही, ती नमुन्याबरोबरच मिळते. पण ती हरवली आहे असं धरून काम केलं, तर शेवटी आपली यादी खऱ्या आकृतीशी ताडून बघता येते.

आधी चौकटी. सकीलात 16 तक्ते आहेत : चित्रपटांचा `film`, कलावंतांचा `actor`, ग्राहकांचा `customer`, प्रत्यक्ष डिस्कांचा `inventory`, भाड्याच्या नोंदींचा `rental`, पैशांचा `payment`, आणि असे आणखी. ही नावं डेटाबेसला विचारली की लगेच मिळतात. रेघा मिळवायला जरा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. एका तक्त्यातला रकाना दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडे बोट दाखवत असेल, तर त्या रकान्याला फॉरेन की म्हणतात. अशा घोषित की डेटाबेस स्वतःच्या दप्तरात लिहून ठेवतो, आणि ते दप्तर वाचता येतं :

```sql
SELECT TABLE_NAME, COLUMN_NAME, REFERENCED_TABLE_NAME
FROM information_schema.KEY_COLUMN_USAGE
WHERE TABLE_SCHEMA = 'sakila'
  AND REFERENCED_TABLE_NAME IS NOT NULL;
```

उत्तरात 22 ओळी येतात. म्हणजे बावीस रेघा. अनेक जण ही यादी छापतात आणि काम झालं असं समजतात. पण ‘`rental`, `inventory_id`, `inventory`’ ही ओळ म्हणजे अजून वाक्य नव्हे. तिच्यातून रेघेची दोन टोकं कळली, त्या टोकांवरच्या खुणा कळल्या नाहीत.

त्या खुणा काढायची रीत सोपी आहे. ज्या तक्त्यात फॉरेन कीचा रकाना आहे, तिथून सुरुवात करायची. रकाना रिकामा ठेवायला मनाई असेल तर ‘नेमका एक’ लिहायचं, मुभा असेल तर ‘एक किंवा एकही नाही’. मग त्याच रेघेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उलट वाचायचं. तिथे उत्तर बहुधा ‘एकही नाही किंवा कितीही’ असं येतं. त्या रकान्यात एकच मूल्य दोनदा यायला बंदी असेल, तरच ते ‘एकही नाही किंवा एक’ होतं. या रीतीने वरच्या ओळीची दोन वाक्यं होतात : प्रत्येक भाडेनोंद नेमक्या एका डिस्कची असते, एका डिस्कच्या भाडेनोंदी एकही नसतील किंवा कितीही असतील. एकाच दिशेने वाचून थांबलं, की अर्धी रेघ हरवते.

इथे स्मरणशक्तीवर विसंबणारा माणूस हटकून घसरतो. त्याला आठवतं की ग्राहक चित्रपट भाड्याने नेतो, म्हणून तो `rental` आणि `film` यांच्यात रेघ लिहून मोकळा होतो. बावीस ओळींत अशी रेघच नाही. ग्राहक चित्रपट नेत नाही, चित्रपटाची एक डिस्क नेतो. एकाच चित्रपटाच्या पाच डिस्का दुकानात असतील तर नेमकी कुठली बाहेर आहे हे कळायला हवं, म्हणून भाडेनोंद `inventory`कडे बोट दाखवते आणि `inventory` पुढे `film`कडे. बोलीभाषेत दोन्ही गोष्टींना आपण ‘पिक्चर’ म्हणतो. चौकटी मात्र दोन आहेत.

शाखा आणि कर्मचारी यांची जोडी त्याहून मजेशीर आहे. `store` आणि `staff` या दोन चौकटींमध्ये एक नव्हे, दोन रेघा आहेत, आणि त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. एक रेघ सांगते की प्रत्येक कर्मचारी नेमक्या एका शाखेत काम करतो आणि एका शाखेत अनेक कर्मचारी असू शकतात. दुसरी `store`मधल्या `manager_staff_id` या रकान्यातून निघते : प्रत्येक शाखेला नेमका एक व्यवस्थापक असतो. या रकान्यात एक मूल्य दोनदा यायला बंदी असल्यामुळे तिचं उलटं वाक्यही अरुंद होतं. एक कर्मचारी फार तर एकाच शाखेचा व्यवस्थापक असू शकतो. ‘शाखा आणि कर्मचारी जोडलेले आहेत’ असं एकच वाक्य लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टींची एक केली आणि दोन्हीचा अर्थ घालवला.

वाक्यं समोरासमोर ठेवली की एक पेचही दिसतो. कर्मचाऱ्याची नोंद करायला शाखा आधी हवी, शाखेची नोंद करायला व्यवस्थापक आधी हवा. दोन्ही रकाने रिकामे ठेवता येत नाहीत. कोंबडी आधी की अंडं आधी, असा हा मामला. म्हणून सकीलाची माहिती भरणारी आज्ञावली सुरुवातीला फॉरेन कीची तपासणी बंद करते आणि काम झाल्यावर पूर्ववत करते. आणखी एक गोष्ट : एखाद्या शाखेचा व्यवस्थापक त्याच शाखेत कामाला असलाच पाहिजे, असं या दोन रेघा कुठेच म्हणत नाहीत. पहिल्या शाखेचा व्यवस्थापक दुसऱ्या शाखेच्या कर्मचाऱ्यांत मोडत असला तरी डेटाबेस हरकत घेणार नाही. आकृतीत त्या दोन रेघा शेजारी-शेजारी बघून कुणाला हे सुचलं नसतं. वाक्यांत सुचतं.

दोन चौकटींत दोन रेघांचा प्रकार `film` आणि `language` यांच्यातही आहे. एक भाषा डिस्कवरची, ती भरावीच लागते. दुसरी चित्रपटाची मूळ भाषा, ती रिकामी ठेवता येते. नमुन्यातल्या 1000 चित्रपटांपैकी एकाचीही मूळ भाषा भरलेली नाही. तरी हे वाक्य यादीत हवंच. रेघ नियमाने अस्तित्वात आहे, फक्त अजून कुणी वापरलेली नाही.

या कामातली सगळ्यात नाजूक जागा हीच आहे. नियम काय म्हणतो आणि नोंदींत काय आढळतं या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि घाईत त्यांची सरमिसळ होते. चित्रपट आणि त्यांचे प्रकार जोडणारा `film_category` हा तक्ता घ्या. त्याची रचना अशी आहे की एक चित्रपट विनोदीही असू शकतो आणि कौटुंबिकही. पण नोंदी मोजल्या तर तिथेही नेमक्या 1000 ओळी : दर चित्रपटाला एकच प्रकार. नुसत्या नोंदी बघून लिहिणारा ‘प्रत्येक चित्रपटाचा एकच प्रकार असतो’ असं लिहील आणि उद्या कुणीतरी त्याच्या भरवशावर पडदा बनवील, ज्यात प्रकारासाठी एकच जागा असेल. नुसता नियम बघून लिहिणारा ‘अनेक प्रकार’ लिहील. ते बरोबरच असेल, पण आजवर तसं एकदाही घडलेलं नाही ही उपयोगी माहिती त्याच्या हातून निसटेल. म्हणून दोन्ही लिहायचं, आणि कुठलं कशावरून घेतलं तेही. चांगल्या यादीतली काही वाक्यं अशी दिसतात :

```
film – film_category – category
  नियम : एका चित्रपटाचे एकही नाही किंवा अनेक प्रकार
  आढळ : 1000 चित्रपट, प्रत्येकाचा एकच प्रकार

film – inventory
  नियम : एका चित्रपटाच्या एकही नाही किंवा अनेक डिस्का
  आढळ : 42 चित्रपटांची एकही डिस्क नाही
```

दुसऱ्या नोंदीतला 42 हा आकडा वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. फॉरेन की फक्त एका बाजूने पहारा देते. डिस्क आहे तर तिचा चित्रपट असलाच पाहिजे, एवढं ती बघते. चित्रपट आहे तर त्याची किमान एक तरी डिस्क असलीच पाहिजे, हे तिला सांगता येत नाही. मूळ आकृती काढणाऱ्याच्या मनात ‘किमान एक’ असेलही आणि त्याने रेघेच्या टोकाला तशी खूण केलीही असेल, पण ती खूण तक्त्यांत उतरण्याचा मार्गच नव्हता. आकृती हरवली तेव्हा ती कायमची गेली. उरलेल्या पुराव्यावरून एवढंच म्हणता येतं की तसा नियम असलाच तर तो 42 ठिकाणी मोडलेला आहे. `film_actor` या तक्त्यातही असंच दिसतं : तीन चित्रपटांत एकाही कलावंताची नोंद नाही. तिथे माहितीपट असावेत की कुणी भरायला विसरलं, हे नोंदी सांगत नाहीत. अशा जागी यादीत प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जाणं बरं. अंदाज विधानासारखा लिहिला, की पुढच्या वाचणाऱ्याला तो अंदाज होता हे कळायची सोय उरत नाही.

बावीस वाक्यांत एक त्रिकोण दडलेला आहे. `payment` भाडेनोंदीकडे बोट दाखवतो, भाडेनोंद ग्राहकाकडे, आणि तरी `payment`मधून ग्राहकाकडे एक सरळ रेघही जाते. पहिल्या नजरेला ती फालतू वाटते. पैसे कुठल्या भाड्याचे ते कळलं की ग्राहक कोण ते आपोआप कळणारच. पण `payment`मधला भाडेनोंदीचा रकाना रिकामा राहू शकतो. एखादी भाडेनोंद पुसली तर पैशाची नोंद तशीच ठेवून फक्त हा रकाना कोरा करायचा, असा नियम तिथे लावलेला आहे. नमुन्यात भाडेनोंदी 16,044 आहेत आणि पैशाच्या नोंदी 16,049. वरच्या पाच नोंदींना भाडेनोंद नाही. ते पैसे कुणी दिले हे केवळ त्या ‘फालतू’ रेघेमुळे कळतं. यादी आटोपशीर करण्याच्या नादात ती गाळली असती तर पाच पावत्या बेवारस झाल्या असत्या. अर्थात या रेघेची एक किंमत आहे. पैसे एका ग्राहकाच्या नावावर आणि त्याच पैशांची भाडेनोंद दुसऱ्याच्या नावावर, अशी विसंगती झाली तर ती अडवणारं तिथे कुणी नाही. यादीत त्रिकोण दिसला की त्याच्याखाली ही एक ओळ लिहावी.

आता पडताळणी. 16 चौकटी आणि 22 रेघा हातात आल्यावर प्रत्येक चौकट किमान एका वाक्यात येते का, हे बघायचं. सकीलात हे करताना 15 चौकटी सापडतात. सोळावी, `film_text`, कुठेच नाही.

तिच्यात काय आहे? चित्रपटाचा क्रमांक, नाव आणि वर्णन. म्हणजे `film`मधल्याच तीन रकान्यांची नक्कल. मायएसक्यूएलचं नेहमीचं इनोडीबी हे साठवण-इंजिन एके काळी मजकुरातला शब्दशोध करू शकत नसे. तो हवा असेल तर मायआयसॅम हे दुसरं इंजिन वापरावं लागे, म्हणून शोधापुरता हा वेगळा तक्ता ठेवला गेला. मायआयसॅमची खोड अशी की फॉरेन कीची घोषणा ते निमूट वाचून घेतं आणि सोडून देतं. त्यामुळे `film` आणि `film_text` यांचा संबंध दप्तरात नोंदलेलाच नाही. तो राहतो तीन ट्रिगरांत, म्हणजे ठरावीक घटना घडली की आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञावल्यांत : `film`मध्ये ओळ आली, बदलली किंवा गेली, की तेच `film_text`मध्ये करायचं. रेघ आहे, पण ती रेघांच्या दप्तराबाहेर आहे. ट्रिगर उघडून वाचल्याशिवाय तेविसावं वाक्य लिहिता येत नाही.

सकीलात अशी चौकट एकच आहे. मायआयसॅमच्या काळात उभ्या राहिलेल्या अनेक खऱ्या प्रणालींत सगळ्याच चौकटी अशा असतात. वरचा प्रश्न विचारला की शून्य ओळी परत येतात. मग रकान्यांच्या नावांवरून माग काढावा लागतो. दोन तक्त्यांत `customer_id` असेल तर संबंध असावा, हा अंदाज. त्याची परीक्षा नोंदींवर घ्यायची : एका तक्त्यातलं प्रत्येक मूल्य दुसऱ्यात सापडतं का? सगळी सापडली तर अंदाज बळकट झाला. काही थोडी सापडली नाहीत, तर पुसलेल्या ग्राहकांच्या मागे राहिलेल्या नोंदी असू शकतात. बहुतेक सापडलीच नाहीत, तर नावं सारखी असूनही गोष्टी वेगळ्या आहेत. यातही एक चकवा आहे. दोन्ही तक्त्यांतले क्रमांक 1, 2, 3 असे चढत गेलेले असतील, तर काहीही संबंध नसताना लहान तक्त्यातला प्रत्येक क्रमांक मोठ्यात सापडतोच. तेव्हा जुळलेल्या ओळींपैकी चार-सहा डोळ्यांनी वाचाव्यात आणि त्यांतून अर्थ लागतो का ते बघावं.

आकृती तक्त्यांची नसून क्लासची असेल, म्हणजे प्रोग्रामच्या रचनेची असेल, तर पुरावा आज्ञावलीत शोधायचा. एक क्लास दुसऱ्याचा वारस आहे हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाक्य बिनघोर लिहावं. अडचण येते ती यूएमएलमधल्या भरीव आणि पोकळ शंकरपाळ्यांची. भरीव म्हणजे भाग मुख्य वस्तूबरोबरच नष्ट होतो, बिलातल्या ओळी बिलाबरोबर जातात तसा. पोकळ म्हणजे भाग तिच्यामागेही राहतो. आज्ञावलीत दोन्ही बहुतेक वेळा सारखेच दिसतात, एका क्लासमध्ये दुसऱ्याची यादी. फरक कळतो तो मुख्य वस्तू पुसणारा भाग वाचल्यावर. तिथेही उलगडा झाला नाही, तर ‘अ मध्ये अनेक ब असतात, अ गेल्यावर ब चं काय होतं ते ठरलेलं दिसत नाही’ असं सरळ लिहावं.

यादी पुरी झाल्यावर तिच्यावरून आकृती परत काढता येते, आणि तीही हाताने नव्हे. मर्मेड नावाची एक लिहिण्याची पद्धत आहे, जिच्यात असं लिहिलं की चित्र आपोआप तयार होतं :

```mermaid
erDiagram
  FILM ||--o{ INVENTORY : "has copies"
  INVENTORY ||--o{ RENTAL : "is rented in"
  LANGUAGE |o--o{ FILM : "original language of"
```

दोन उभ्या दांड्या म्हणजे नेमका एक, वर्तुळ म्हणजे एकही नसला तरी चालेल, महिरपी कंस म्हणजे कावळ्याचा पाय. बावीस वाक्यांच्या बावीस ओळी झाल्या की चित्र सकीलाच्या मूळ आकृतीशेजारी ठेवायचं आणि एकेका रेघेवर टिचकी मारत जायचं. मूळ आकृतीत संबंधित चौकटी जवळजवळ मांडून गट पाडलेले असतात. ती मांडणी आपल्या यादीतून येत नाही आणि तक्त्यांतूनही ओळखता येत नाही. तीही टिकवायची असेल, तर यादीतच चौकटी गटवार लिहाव्या लागतात : ग्राहकांच्या, मालाच्या, व्यवहाराच्या.

यादी साध्या मजकुराच्या फायलीत, तक्ते बनवणाऱ्या आज्ञावलीच्या शेजारी ठेवलेली सोयीची. कुणी रकाना बदलला की यादीतली एखादी ओळ बदलते, आणि कुठली ओळ कधी बदलली हे गिटसारख्या साधनात तारखेसह दिसतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध प्रोग्रामरसाठी तर मूळ आकृती हरवण्याआधीही फारशी नव्हतीच. त्याच्यासाठी ती ‘चित्र’ या एका शब्दापुरती होती. यादी त्याला ओळीओळीने ऐकता येते, आणि `store` हा शब्द शोधून त्या शाखेला जोडलेल्या चारही तक्त्यांपर्यंत पोचता येतं : `staff`, `address`, `customer` आणि `inventory`.